दोर कमी होतो, तरी रहाट जड का होतो? एका विहिरीवरच्या रहाटाचं प्रकरण

तक्रार साधी होती. विहिरीवर हँडल फिरवून पाणी काढायचा नवा रहाट बसवला होता, पण बादली वर येता येता हँडल जड होत जायचं. रोज पाणी काढणाऱ्या काकूंनीच नेमकं बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "अरे, बादली वर येते तसा खाली लोंबणारा दोर कमी होतो ना? मग हलकं व्हायला पाहिजे. इथं उलटंच. आणि मधे तीन ठिकाणी तर हिसका बसतो."

त्यांच्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं. रहाट त्यानंच जोडला होता आणि जोडण्याआधी हिशेबही केला होता. दोर ज्यावर गुंडाळला जातो त्या रुळाचा व्यास १६ सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या ८. हँडलचा दांडा ४० सेंटीमीटर. ४० भागिले ८ म्हणजे ५. बादली २ किलोची, तिच्यात १२ लिटर पाणी, एकूण भार १४ किलो. पाचपट फायदा धरला तर हाताला २.८ किलोचाच जोर लागायला हवा. "आईला सवय नाही, म्हणून जड वाटतं," असं त्याचं मत. मी स्वतः दोन बादल्या काढून बघितल्या आणि काकूंच्या बाजूनं झालो. २.८ किलो म्हणजे तीन लिटरच्या भांड्याइतकंही नाही. हाताला जे लागत होतं ते त्याच्या दुप्पट तरी होतं.

मुलाचं सूत्र चुकलेलं नव्हतं. रहाट फिरताना दोन टॉर्क एकमेकांविरुद्ध असतात. बादलीचं वजन दोरातून रुळाला एका बाजूला फिरवू बघतं आणि हात हँडलमधून दुसऱ्या बाजूला. टॉर्क, म्हणजे पुस्तकी मराठीतलं परिबल, हा बल आणि आसापासूनचं त्याचं लंब अंतर यांचा गुणाकार. बादली संथ, एकाच वेगानं वर येत असेल तेव्हा दोन्ही सारखे असतात:

हाताचा जोर × दांड्याची लांबी = दोराचा ताण × दोराची त्रिज्या

दोन्ही बाजूंना गुरुत्व त्वरण g सारखंच येतं, त्यामुळे न्यूटनमध्ये न जाता सगळं किलोतच ठेवलं तरी हिशेब बिघडत नाही. पुढचे आकडे तसेच आहेत.

गफलत उजव्या बाजूला होती. सूत्रात "दोराची त्रिज्या" आहे, म्हणजे आसापासून दोराच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर, "रुळाची त्रिज्या" नाही. दोर पातळ असला तर या दोन्हींत फरक पडत नाही, म्हणून शाळेच्या गणितात तो दिसत नाही. इथला दोर चांगला २ सेंटीमीटर जाड होता. दोराचा ताण त्याच्या मध्यरेषेतून जातो असं धरायचं, म्हणजे पहिल्याच थरात त्रिज्या ८ नव्हे, ८ अधिक १, म्हणजे ९ सेंटीमीटर.

आणि हा फक्त पहिला थर. रुळाच्या दोन्ही टोकांना दोर घसरू नये म्हणून फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्यामधली जागा जेमतेम १२ सेंटीमीटर. २ सेंटीमीटर जाडीच्या दोराचे तिथं सहा वेढे बसतात. पाणी १५ मीटर खाली. सहा वेढे झाले की दोर आपल्याच अंगावर चढून दुसरा थर सुरू करतो, मग तिसरा, मग चौथा. दुसऱ्या थराची त्रिज्या ११, तिसऱ्याची १३, चौथ्याची १५. खरं तर वरचा दोर खालच्या दोन वेढ्यांमधल्या खाचेत थोडा बसतो, त्यामुळे थरागणिक पूर्ण २ सेंटीमीटर वाढतीलच असं नाही. पण वेढे एकमेकांना ओलांडतात तिथं खाच मिळत नाही, म्हणून मी पूर्ण जाडी धरली.

म्हणजे बादली काठाला पोचते तेव्हा रूळ १६ सेंटीमीटर व्यासाचा राहिलेलाच नसतो. दोराच्या मध्यरेषेनं मोजला तर तो ३० सेंटीमीटरचा झालेला असतो आणि पाचपट फायद्याचे ४० भागिले १५, म्हणजे २.७ पट उरतात. जोडणाऱ्यानं रिकामा रूळ मोजला होता, काकू भरलेला रूळ फिरवत होत्या.

काकूंचा प्रश्न तरीही शिल्लक होता, कारण लोंबता दोर कमी होतो हे खोटं नाही. ओला दोर वजन करून पाहिला तर मीटरला ०.३ किलो भरला. १५ मीटरचे साडेचार किलो. मुलाच्या हिशेबात हे वजन नव्हतंच. तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी उलट दिशेनं चालतात. भार १८.५ किलोवरून १४ किलोवर उतरतो, त्रिज्या ९ वरून १५ वर चढते. कोण जिंकतं ते एकेक थर धरून बघावं लागतं.

रुळावर दोन वेढे कायम ठेवलेले होते, ते बरोबरच होतं. दोराच्या टोकाच्या खिळ्यावर सगळा भार येऊ नये म्हणून ते हवेतच, ते दोन वेढे घर्षणानंच बहुतेक ताण पेलतात. त्यामुळे पहिल्या थरात उरले चार वेढे. बादली पाण्याबाहेर निघते तेव्हा भार १८.५ आणि त्रिज्या ९. गुणाकार १६६.५, भागिले ४०, म्हणजे हाताला ४.१६ किलो. चार फेऱ्यांत सव्वादोन मीटर दोर गुंडाळला जातो, भार थोडा उतरतो आणि जोर ४ किलोवर येतो. इथवर काकूंचं म्हणणं खरं, हलकं होतं आहे. मग दोर दुसऱ्या थरावर चढतो. भार तोच, १७.८ किलो, पण त्रिज्या एकदम ११. जोर ४ वरून उडी मारून ४.९. हा पहिला हिसका.

दुसऱ्या थराच्या सहा फेऱ्यांत जोर पुन्हा हळूहळू ४.५६ पर्यंत उतरतो. तिसरा थर लागला की ५.३९. तो संपता संपता ४.९ आणि चौथ्याची सुरुवात ५.६७ वर. हे या रहाटाचं सर्वांत जड ठिकाण, बादली काठापासून पावणेचार मीटर खाली असताना. शेवटी काठाला येईपर्यंत ५.२५. आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसेल: प्रत्येक दाताच्या आत उतार, दातादातांत उडी, आणि एकंदर चढण. तीन हिसके म्हणजे तीन थरबदल. काकूंनी न मोजता अचूक सांगितलं होतं.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात किती लागतं ते बघायला आम्ही ताणकाटा मुठीला बांधला. इथं एक बारकावा आहे, तो चुकला तर मोजमाप फसतं. दांडा आडवा ठेवून मूठ खाली ओढली की दांड्याचं स्वतःचं वजनही खाली फिरवायला मदत करतं आणि काटा कमी दाखवतो. दांडा विरुद्ध बाजूला आडवा असला तर तेच वजन आडवं येतं आणि काटा जास्त दाखवतो. म्हणून दांडा सरळ उभा असताना काटा आडवा, दांड्याशी काटकोनात ओढायचा. दांड्याचं वजन तेव्हा थेट आसातून जातं आणि त्याचा टॉर्क शून्य होतो. दांड्याची लांबीही आसाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत घ्यायची. दांडा वाकडा असेल तर वाकडेपणाच्या कडेकडेनं टेप लावायची नाही.

बादली नुकती पाण्याबाहेर असताना, संथ वर ओढायला ४.८ किलो लागले. तीच बादली त्याच जागी संथ खाली सोडताना काट्यावर ३.५ किलो दिसले. या दोन आकड्यांत सगळं कळतं. वर ओढताना घर्षण आपल्या विरुद्ध असतं, खाली सोडताना ते बादलीला अडवून आपल्याला मदत करतं. त्यामुळे दोन्हींची सरासरी म्हणजे घर्षणाशिवायचा जोर, ४.१५. कागदावर आला होता ४.१६. इतकं जुळणं हा थोडा नशिबाचा भाग, ताणकाटा काही एवढा बारीक नसतो. पण ९ सेंटीमीटर त्रिज्या धरणं योग्य होतं एवढी खात्री त्यानं झाली. दोन आकड्यांतल्या फरकाचं अर्ध, ०.६५ किलो, हे घर्षण. सर्वांत जड ठिकाणी वर ओढायला ६.३ किलो लागत होते. २.८ च्या जागी ६.३.

आता इलाज. पहिली सूचना सगळ्यांकडून येते तीच आली: ग्रीस लावा. आस ३ सेंटीमीटर जाडीच्या लोखंडी सळईचा, तो लाकडी ठोकळ्यांच्या भोकांत कोरडाच फिरत होता. पण घर्षणाचा टॉर्क कुठल्या त्रिज्येवर लागतो ते बघा: आसाच्या पृष्ठभागावर, म्हणजे दीड सेंटीमीटरवर. ठोकळ्यांवर रूळ, दोर, बादली मिळून तीसेक किलो. कोरड्या लोखंड-लाकडाला घर्षणांक ०.४ धरला तर टॉर्क १८, आणि ४० सेंटीमीटरच्या दांड्यावर हाताला तो साडेचारशे ग्रॅम जाणवतो. ग्रीस लावून तो चौथाईवर आणला तरी वाचतात साडेतीनशे ग्रॅम. ग्रीस लावलं, आणि जड ठिकाणचे ६.३ किलो ५.९५ झाले. लाकूड झिजू नये आणि कुरकुर थांबावी म्हणून ग्रीस हवंच, पण तक्रार त्यानं मिटणारी नव्हती. उरलेलं थोडं घर्षण दोराच्या आतलं होतं. जाड दोर लहान रुळावर वाकायला कुरकुरतो, त्याचे पीळ एकमेकांवर घासतात.

दुसरी सूचना मुलाची: दांडा लांब करू. ४० चे ६० केले की जोर दोन तृतीयांशावर. गणित बिनचूक, शरीराला मात्र जमणारं नाही. ४० चा दांडा म्हणजे हाताचं वर्तुळ ८० सेंटीमीटर व्यासाचं. आस जमिनीपासून मीटरभर उंच, म्हणजे मूठ ६० सेंटीमीटरपासून १४० सेंटीमीटरपर्यंत फिरते. हे उभ्या माणसाला जमतं. ६० चा दांडा लावला तर मूठ खाली गुडघ्याच्याही खाली, ४० सेंटीमीटरवर येते, आणि वर १६० वर, म्हणजे काकूंच्या डोक्याबरोबर. प्रत्येक फेरीत कमरेतून वाकायचं आणि खांद्याच्या वर हात न्यायचा. जोर कमी लागला तरी दमणूक वाढेल. माझ्या मते उभ्यानं फिरवायच्या रहाटाला ४०–४५ सेंटीमीटरच्या पुढे जाऊ नये.

तेव्हा गुणोत्तराचा वरचा आकडा हलवायचा नाही, खालचाच धरून ठेवायचा. त्यासाठी दोराला एकाच थरात गुंडाळता आलं पाहिजे. दोर १२ मिलिमीटरचा पॉलिएस्टरचा घेतला. नायलॉन मुद्दाम टाळला, कारण तो भाराखाली ताणतो आणि बादली खालीवर डुलते. ताकदीची काळजी नव्हती. असा दोर तुटायला हजार किलोच्या कितीतरी वर भार लागतो, गाठीनं निम्मी ताकद खाल्ली तरी इथल्या पंधरा किलोंना पुरून उरतो. एरवी पातळ दोर विहिरीवर नको म्हणतात, कारण तो हाताला कापतो. हाताने शेंदायचं असेल तर ते खरंच आहे. रहाटावर हात दोराला लागतच नाही, मुठीला लागतो. जाड दोराची सवय शेंदण्यातून आली आणि रहाटावर तशीच चिकटली, असा माझा अंदाज.

नवी त्रिज्या ८ अधिक ०.६, म्हणजे ८.६ सेंटीमीटर. एका वेढ्यात ५४ सेंटीमीटर दोर. १५ मीटरला २८ वेढे, कायमचे दोन धरून ३०. प्रत्येकी १.२ सेंटीमीटर म्हणजे ३६ सेंटीमीटर रुंदी. रूळ बदलून फळ्यांमधली जागा ४० ठेवली, कारण वेढे कधीच अगदी चिकटून बसत नाहीत. नवा दोर ओला असताना मीटरला ०.१ किलो, सगळा मिळून दीड किलो.

आता सुरुवातीला भार १५.५, गुणिले ८.६, भागिले ४०: ३.३ किलो. काठाला भार १४: ३ किलो. ताणकाट्यानं ग्रीससकट ३.५ आणि ३.२ दाखवले. जड ठिकाण आता सुरुवातीलाच, आणि तिथून पुढे सलग हलकं होत जातं, काकूंना पहिल्यापासून वाटत होतं तसं.

यात फुकट काही मिळालेलं नाही, हे मुलाला दाखवायला फेऱ्या मोजल्या. आधी बादली वीस फेऱ्यांत यायची, आता अठ्ठावीस लागतात. एका फेरीत मूठ अडीच मीटर चालते. आधी हाताची वाट ५० मीटर, आता ७०. घर्षण सोडून सरासरी जोर आधी ४.८७ किलो, आता ३.१७. गुणाकार केला तर २४४ आणि २२१. १४ किलो १५ मीटर उचलायला २१० लागणारच, ते दोन्हीकडे तेवढेच. उरलेला फरक निव्वळ दोर उचलण्याचा. जाड दोरात ३४ जात होते, पातळमध्ये ११ जातात. म्हणजे हलकेपणातला बराचसा भाग जास्त फेऱ्यांनी विकत घेतला आहे, आणि थोडाच खरोखर वाचला आहे. काकूंना हा सौदा मान्य होता. हलक्या हँडलला त्या जास्त वेगानं फिरवतात, त्यामुळे बादली यायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहिला.

हलकेपणाबरोबर एक धोका मात्र वाढला. दांड्याचं टोक बादलीच्या किती पट वेगानं फिरतं? जेवढा फायदा तेवढ्याच पट. काठाजवळ आधी २.७ पट होतं, आता ४.६५ पट. काठाजवळ हात सुटला आणि बादली मीटरभर खाली गेली, तर ती सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगानं जात असते. मुठीचा वेग तेव्हा सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. अशी मूठ मनगटाला किंवा तोंडाला लागली तर हाड मोडतं, आणि फिरतं हँडल पकडायला हात पुढे करणं ही त्या क्षणाची सर्वांत वाईट प्रतिक्रिया. म्हणून रहाट उलटा फिरू न देणारं दातेरी चाक आणि खटका बसवला. १५.५ गुणिले ८.६ म्हणजे १३३, त्यामुळे १० सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकावर खटक्याला १३३ भागिले १०, म्हणजे १३ किलोचा भार येतो. सुटलेली बादली झटक्यानं थांबते तेव्हा त्याच्या कितीतरी पट.

खटका हँडलच्या बाजूला बसवणं सोपं असतं आणि बहुतेक तिथंच बसवतात. मला ते पटत नाही. हँडल आसाला एका पिनेनं धरलेलं असतं. दातेरी चाक हँडलच्याच तुकड्यावर असेल आणि ती पिन तुटली, तर खटका हँडलला धरून बसतो आणि रूळ मोकळा सुटतो. चाक थेट रुळाच्या फळीला बोल्ट केलं, म्हणजे हँडल गळून पडलं तरी बादली जागीच राहते. बादली खाली सोडताना खटका हातानं उचलून धरावा लागतो. काकूंना ही कटकट वाटली, पण त्याला दोरी बांधून वर अडकवून ठेवायची नाही एवढं त्यांनी कबूल केलं.

आठवड्यानं त्यांचा निरोप आला: शेवटच्या तीन फेऱ्या परत जड. गेल्यावर बघितलं तर वेढ्यांमध्ये फटी पडत होत्या. फटी साचत साचत दोर शेवटच्या फळीला आधीच टेकायचा आणि उरलेले तीन वेढे दुसऱ्या थरावर चढायचे. रिकामी बादली खाली सोडताना दोर सैल पडला की असं होतं, कारण त्या वेळी ताण नसल्यानं वेढे मोकळे होतात. बादली पाण्याला लागली की हँडल थांबवायचं, जास्त दोर सोडायचा नाही, एवढ्यानं ते बंद झालं. त्याच वेळी दोराचं खिळ्याचं टोक उलट बाजूला नेलं. एका थरात गुंडाळताना लोंबता दोर रुळावर आडवा सरकत जातो, आणि बादली वर येईपर्यंत ३४ सेंटीमीटर बाजूला जाते. आधी ती हँडलपासून दूर जात होती आणि काकूंना विहिरीवर झुकून घ्यावी लागायची. आता पहिले वेढे दूरच्या टोकाला पडतात, शेवटचा हँडलकडच्या टोकाला, आणि भरलेली बादली त्यांच्या मोकळ्या हाताशी येऊन थांबते.